चष्म्यावरच्या चकाकीमागचा डोळा पुन्हा उभा करताना

प्रश्न: एकच फोटो आहे, दुसरी फ्रेम नाही. चित्रात डावीकडच्या काचेवर सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन आलाय, त्याखाली बुबुळ आणि वरची पापणी जवळजवळ झाकली गेलीय. उजवीकडच्या काचेवर नुसती हिरवट झाक आहे. उजवा डोळा कॉपी करून फ्लिप केला तर माणूस तिरळा दिसतो आणि डोळा चिकटवल्यासारखा वाटतो. नैसर्गिक कसा करायचा?

उत्तर:

तिरळेपणा फ्लिपमुळेच येतो. बहुतेक पोर्ट्रेटमध्ये माणूस नेमका लेन्सकडे बघत नसतो, नजर किंचित एका बाजूला असते. नजर चित्रात उजवीकडे असेल तर दोन्ही बुबुळं उजवीकडे सरकतात. म्हणजे उजवीकडच्या डोळ्यातलं बुबुळ नाकापासून लांब जातं आणि डावीकडच्या डोळ्यातलं नाकाजवळ येतं. उजवा डोळा फ्लिप केला की दोन्ही बुबुळं नाकापासून लांब जातात, दोन डोळे दोन दिशांना बघू लागतात. म्हणून पापण्या आणि आजूबाजूची कातडी फ्लिप करून घ्यायची, बुबुळ मात्र फ्लिप न करता वेगळं घ्यायचं आणि वेगळं बसवायचं. खाली फोटोशॉपच्या भाषेत सांगतो, पण लेयर, मास्क आणि कर्व्ह असलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे जमतं.

कॉपी करण्याआधी उजवी काच साफ करून घ्या, कारण पुढचं सगळं तिथून उचलायचं आहे. हिरवट झाक आणि पांढरा चौकोन ही दोन वेगळी दुखणी आहेत. झाकेखाली डोळ्याची माहिती शाबूत असते, तिच्यावर फक्त जास्तीचा प्रकाश मिसळलेला असतो. पांढऱ्या चौकोनात तिन्ही चॅनेल २५५ ला टेकलेले असतात, तिथे काढण्यासारखं काही उरलेलं नसतं. झाकेवर क्लोन मारत बसू नका, तो प्रकाश वजा करा.

किती वजा करायचा हे बाहुली सांगते. बाहुली जवळजवळ काळी असते, त्यामुळे तिथे दिसणारा उजेड बहुतेक सगळा काचेवरचा असतो. आयड्रॉपरने ५×५ पिक्सेलची सरासरी घ्या. समजा बाहुलीत लाल ३८, हिरवा ६१ आणि निळा ४९ आला, आणि चित्रातला इतरत्रचा खरा काळा, उदाहरणार्थ नाकपुडीच्या आतला, साधारण १४ आहे. हिरव्यात सगळ्यात जास्त भर पडलीय, कारण काचेवरचं अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग उरलेला प्रकाश हिरवट किंवा निळसर परत पाठवतं. अशा वेळी लाल चॅनेल एकटा उघडून बघा. डोळ्याचे तपशील तिथे बहुतेकदा सर्वांत स्वच्छ दिसतात, आणि कुठे काय शिल्लक आहे हे समजायला त्याचा मोठा उपयोग होतो.

इथे बरेच जण `Levels` घेऊन काळा बिंदू आत ओढतात. बाहुली काळी होते, पण काचेमागची कातडी गडद आणि गुलाबी पडते. कारण असं: मिसळलेला प्रकाश सगळीकडे सारखाच असला तरी फाइलमधले आकडे गॅमा लावलेले असतात. तेवढाच प्रकाश गडद भागाचा आकडा खूप वर उचलतो आणि उजळ भागाचा थोडासाच. त्यामुळे वजाबाकीही गडद भागात जास्त आणि उजळ भागात कमी हवी. `Curves` मध्ये हिरव्या चॅनेलवर तीन बिंदू ठेवा: ६१ चा १४, १२० चा १०७, १८० चा १७२. नुसत्या `Levels` ने काळा बिंदू ५० वर आणला असता तर १८० चा १६२ झाला असता. हिरव्यातली ही दहा अंकांची तफावत म्हणजेच कातडीवरचा तो गुलाबीपणा. लाल आणि निळ्यालाही असाच, पण सौम्य बाक द्या. हे आकडे sRGB फाइलचे आहेत. तुमच्या फोटोत बाहुलीचं मोजमाप वेगळं येईल, बाकाचा आकार मात्र असाच राहील.

या कर्व्हचा मास्क काळा करून झाकेच्याच आकारात पांढरा रंगवा, कड ३ ते ५ पिक्सेल मऊ ठेवा. बरोबर झालं की नाही हे काचेबाहेरच्या गालाशी ताडून बघा. काचेतून दिसणारी कातडी आणि बाहेरची कातडी रंगाने एक दिसली पाहिजे. उजेडाने काचेतली अगदी थोडी कमी असली तर चालतं, काच काही प्रकाश खातेच.

आता डावीकडची काच. आधी काय वाचलंय ते पक्कं करा. पांढऱ्या चौकोनाच्या कडेला सहसा अर्धपारदर्शक पट्टा असतो. त्यावरही वरचीच वजाबाकी वापरा, त्यातून बऱ्याचदा बुबुळाची खालची कड, खालची पापणी आणि कानाकडचा कोपरा परत मिळतो. जे मिळेल ते मूळ ठेवायचं, त्यावर उसना डोळा चढवायचा नाही. माणसाची ओळख याच मूळ तुकड्यांमध्ये असते, आणि बाकीचं कुठे बसवायचं याच्या खुणाही तिथेच मिळतात.

यातली सर्वांत मोलाची खूण म्हणजे बुबुळाची खालची कमान. प्रौढ माणसाचं दिसणारं बुबुळ साधारण ११.५ ते १२ मिलिमीटर रुंद असतं आणि एकाच माणसाच्या दोन डोळ्यांत जवळपास सारखंच असतं. त्यामुळे उजव्या डोळ्यात मोजलेली रुंदी डावीकडे जशीच्या तशी वापरता येते, फक्त चेहरा बराच वळलेला नसावा. समजा ती १०८ पिक्सेल भरली. `Elliptical Marquee` ने १०८ पिक्सेलचं वर्तुळ काढा आणि त्याची खालची कड वाचलेल्या कमानीवर बसवा. वर्तुळाचं केंद्र म्हणजे बाहुलीची जागा. तिथे उभी आणि आडवी गाइड टाकून ठेवा.

मग गणिताने पडताळा घ्या. समजा उजवा डोळा एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत २७६ पिक्सेल आहे, म्हणजे मध्य आतल्या कोपऱ्यापासून १३८ वर. बुबुळाचं केंद्र मात्र १५४ वर आहे, म्हणजे १६ पिक्सेल कानाकडे. डावीकडच्या डोळ्यात ते तेवढंच नाकाकडे हवं: आतल्या कोपऱ्यापासून १२२ वर. फ्लिप केलेल्या प्रतीत ते १५४ वर येतं. फरक ३२ पिक्सेलचा, बुबुळाच्या रुंदीच्या जवळजवळ तीस टक्के. माणूस तिरळा दिसतोय तो एवढ्यामुळे. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे थोडे नाकाकडे वळतात, पण दोनेक मीटरवर ही सरक या मापात एकदोन पिक्सेलच भरते. कमान आणि गणित यांच्यात दोनचार पिक्सेलचा फरक पडला तर कमानीचं ऐका, कारण दोन डोळ्यांचे कोपरे कधीच तंतोतंत सारखे नसतात. फरक त्याहून मोठा आला तर बहुधा आतला कोपरा चुकीचा धरलाय. नाकाकडच्या कोपऱ्यात जो लहान गुलाबी मांसल भाग असतो तो धरून मोजा, आणि दोन्हीकडे एकाच प्रकारे मोजा.

पापण्यांसाठी साफ केलेला उजवा डोळा भुवईच्या खालपासून खालच्या पापणीखालच्या सुरकुतीपर्यंत निवडून नव्या लेयरवर घ्या. तो स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि `Edit > Transform > Flip Horizontal` द्या. ओपॅसिटी ५० टक्क्यांवर आणून कानाकडचा कोपरा आणि खालची पापणी मूळ तुकड्यांवर जुळवा. डोकं थोडं कललेलं असेल तर फ्लिप केल्यावर कल उलटा होतो, म्हणून दोन्ही बाहुल्यांमधून जाणारी रेष आडवीपासून जितके अंश कलली असेल त्याच्या दुप्पट फिरवावं लागतं. कल ३ अंशांचा असेल तर ६ अंश. आकार `Warp` ने जुळवता येतो, पण कुठलाही बिंदू पाचसहा पिक्सेलपेक्षा जास्त ओढावा लागत असेल तर ओढणं थांबवा आणि जागा पुन्हा तपासा. ताणलेल्या पापणीचे केस एका बाजूला जाड दिसतात आणि ते लगेच कळतं.

आता या लेयरवरचं बुबुळ पूर्ण पुसा. अर्धवट ठेवून त्यावर दुसरं बसवलं तर कानाकडच्या बाजूला जुन्या बुबुळाची करडी चंद्रकोर डोकावते. स्मार्ट ऑब्जेक्टवर थेट ब्रश चालत नाही, म्हणून त्याच्या लगेच वर एक रिकामा लेयर घ्या. त्यावर `Clone Stamp` घ्या, `Sample` मध्ये `Current & Below` निवडा आणि दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या भागातून उचलून मधली जागा भरा. `Healing Brush` इथे वापरू नका. तो कडेचा रंग आत ओढतो, त्यामुळे पापणीच्या केसांचा काळेपणा डोळ्याच्या पांढऱ्यात पसरतो. चष्म्याच्या फ्रेमजवळही तो असाच दगा देतो आणि फ्रेमची सावली गालावर माखतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो. कोपऱ्यांकडे तो गडद आणि किंचित गुलाबी होत जातो, मधे हलका राखाडी असतो. भरताना हा उतार टिकवा.

बुबुळ उजव्या डोळ्यातून पुन्हा घ्या, यावेळी फ्लिप न करता. वर्तुळाकार निवड प्रत्येक बाजूला ४ पिक्सेल मोठी ठेवा आणि १.५ पिक्सेल फेदर द्या. बुबुळाची कड डोळ्याच्या पांढऱ्यात हळूच विरघळते, कात्रीने कापल्यासारखी कड दिसली की डोळा काचेच्या गोटीसारखा वाटतो. बाहुली गाइडच्या छेदावर ठेवा. कोरं वर्तुळ मात्र मिळणार नाही, वरचा काप उजव्या पापणीखाली गेलेला असतो. उजवीकडे तो किती झाकलाय ते मोजा, समजा १४ पिक्सेल, आणि डावीकडेही पापणीच्या मास्कने तेवढाच झाका. बुबुळ संपूर्ण गोल दिसलं तर चेहरा दचकल्यासारखा होतो.

फ्लिप न केल्याचा दुसरा फायदा म्हणजे कॅचलाइट आपोआप बरोबर येतो. उजव्या डोळ्यात तो बाहुलीपासून घड्याळाच्या दहाच्या दिशेला असेल तर डावीकडेही दहालाच हवा, फ्लिपमध्ये तो दोनला जातो. दोन डोळ्यांतल्या रेषा हुबेहूब सारख्या झाल्या म्हणून काळजी करू नका, या आकारात ते कुणाला दिसत नाही. बुबुळ फिरवून फरक आणायचा मोह टाळा. फिरवलं की कॅचलाइटही फिरतो आणि पापणीची सावलीही.

ही सावली बहुतेक जण विसरतात आणि मग डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. वरच्या पापणीची सावली बुबुळ आणि पांढरा भाग या दोन्हींवर सलग पडते. बुबुळ उजव्या डोळ्यातून स्वतःच्या सावलीसकट आलेलं असतं, पण क्लोन केलेल्या पांढऱ्या भागात ती तुटलेली असते. दोन्हींच्या वर `Multiply` मोडचा एक लेयर घ्या, पापणीच्या कडेलगत १० ते १५ पिक्सेल खोल पट्टा मऊ ब्रशने गरम तपकिरी-राखाडी रंगात ओढा आणि ओपॅसिटी २० ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. बुबुळावर तो हलका पुसा, पांढऱ्यावर पूर्ण ठेवा. पट्टा सलग दिसला की डोळा खोबणीत बसतो.

कातडीवरचा प्रकाशही फ्लिपमध्ये उलटतो. मुख्य दिवा चित्रात डावीकडे असेल तर डावीकडच्या डोळ्याभोवतीची कानाकडची कातडी उजळ हवी, आणि फ्लिप केलेल्या प्रतीत ती गडद येते. पापण्यांच्या लेयरला दोन `Curves` क्लिप करा, एक थोडा उजळणारा आणि एक थोडा गडद करणारा. दोन्हींचे मास्क काळे करा आणि मोठ्या मऊ ब्रशने, १० टक्के फ्लोने, गरजेपुरते उघडा. रंग डोळ्याने ठरवू नका. वाचलेल्या मूळ कातडीवर नाकाशेजारी, पापणीच्या मधोमध आणि कानाकडे अशा तीन जागी आकडे वाचा, आणि नवी कातडी तिथे भिडते त्या ठिकाणी तेच आकडे आणा. जोड दिसतोय का हे तपासायला सगळ्यात वर तात्पुरता काळा-पांढरा लेयर चढवा. उजेडातली चूक रंगाआड लपते, तशी ती राखाडीत लपत नाही.

हे सगळे लेयर एका ग्रुपमध्ये टाका आणि ग्रुपला काचेच्या आतल्या कडेचा मास्क लावा. तो `Pen` ने काढा, ब्रशने नको. मास्कची कड फ्रेमच्या मूळ कडेइतकीच मऊ हवी, नेटक्या फोकसमध्ये साधारण ०.८ ते १ पिक्सेल. फ्रेमच्या धातूवरची किंवा प्लास्टिकवरची चमक तशीच राहू द्या. फ्रेमची पापणीवर पडणारी बारीक सावली फ्लिपबरोबर चुकीच्या बाजूला आली असेल तर ती पुसून दिव्याच्या उलट बाजूला पुन्हा टाका.

उणे नंबरच्या चष्म्यात आणखी एक सापळा आहे. काचेतून दिसणारी गालाची कड बाहेरच्या कडेपेक्षा आत सरकलेली दिसते, तिथे एक पायरी पडते. चकाकीचा चौकोन तिथवर पोचला असेल तर काही जण ही पायरी चूक समजून गालाची रेष सरळ जोडून टाकतात. मग काच साधी, बिननंबराची दिसते आणि दुसऱ्या बाजूच्या काचेशी विसंगत होते. पायरी ठेवा.

पुढे दाणे. फिरवलेला किंवा वार्प केलेला भाग दरवेळी थोडा मऊ होतो, म्हणून स्मार्ट ऑब्जेक्टवर सगळे बदल एकत्र करायचे आणि शेवटी एकदाच पक्के करायचे. तरीही नवा भाग मूळ फोटोपेक्षा गुळगुळीत दिसेल. ग्रुपच्या आत सर्वांत वर ५० टक्के राखाडीने भरलेला `Overlay` मोडचा लेयर ठेवा, `Filter > Noise > Add Noise` मध्ये `Gaussian` निवडून २ ते ३ टक्के द्या, मग ०.३ ते ०.५ पिक्सेलचा ब्लर. २०० टक्क्यांवर गालाच्या दाण्याशी ताडून कमीजास्त करा. चेहरा वळलेला असेल तर एक डोळा कॅमेऱ्यापासून लांब आणि किंचित मऊ असणारच. लांबचा डोळा जवळच्यापेक्षा धारदार झाला तर तो पुढे आल्यासारखा वाटतो, त्याला अर्धा पिक्सेल ब्लर द्यायला कचरू नका.

सगळं झाल्यावर काच परत आणायची. चकाकी पूर्ण नाहीशी झाली की फ्रेम रिकामी वाटते, काच काढून ठेवल्यासारखी. मूळ चकाकीची एक प्रत सर्वांत वर ठेवा, `Screen` मोडमध्ये, आणि काचेच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात १० ते १५ टक्के इतपत उघडा. बाहुलीवर ती शून्य असावी. पांढऱ्याचे दहा टक्केही १४ च्या काळ्याला ३८ वर नेतात, आणि सुरुवातीला उपसलेली झाक पुन्हा तिथेच येऊन बसते. उजव्या काचेवरही त्याच कोपऱ्यात त्याच बेताची चमक राहिली पाहिजे.

तपासताना आधी चित्र २५ टक्क्यांवर आणा. नजर दोन्ही डोळ्यांत एकत्र आहे का हे लहान आकारात चटकन कळतं. मग पूर्ण कॅनव्हास आडवा फ्लिप करून बघा. तासभर त्याच डोळ्याकडे बघून सवय झालेली असते, उलट्या चित्रात ती सुटते आणि एक डोळा वर, मोठा किंवा जास्त पांढरा असेल तर खटकतो. पांढरेपणा खटकला तर नवा डोळा मूळ उजव्याशी आकड्यांनी ताडा. पांढऱ्या भागाचा सर्वांत उजळ ठिपका उजव्यापेक्षा जास्त उजळ नको, अपवाद फक्त दिवा त्या बाजूने असेल तेव्हाचा.

ती व्यक्ती पुन्हा येऊ शकत असेल तर त्याच जागी, त्याच दिव्यात, चष्मा काढून एक फ्रेम घ्या आणि तो डोळा वापरा. ती प्रत फ्लिप करावी लागत नाही, म्हणून वरची निम्मी कसरत वाचते. फक्त आकार सांभाळा: उणे नंबरची काच डोळा लहान दाखवते, अधिक नंबरची मोठा. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १५ मिलिमीटरवर धरली तर उणे ४ साठी चष्म्याविना घेतलेला डोळा सुमारे ९५ टक्क्यांवर आणावा लागतो, उणे ६ साठी ९२-९३ वर, अधिक ३ साठी १०४ वर. अंतिम माप मात्र काचेत वाचलेल्या बुबुळाच्या कमानीवरूनच घ्या. काचेत उरलेली थोडी झाक आणि कडेचा रंग या प्रतीत नसतो, तोही वरून द्यावा लागतो.

दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या असतील आणि त्या माणसाचा याच कोनातला दुसरा फोटो नसेल, तर डोळा उभा करू नका. तुम्ही जे काढाल तो कुणाचा तरी डोळा असेल, त्याचा नाही, आणि घरची माणसं ते एका नजरेत ओळखतात. अशा फोटोत कडेच्या अर्धपारदर्शक पट्ट्यातून जेवढं परत मिळतं तेवढं घ्या, पांढऱ्या चौकोनाची उजळी २३०-२३५ पर्यंत उतरवा, कातडीचा हलका रंग द्या, आणि चकाकीला चकाकीच राहू द्या.